किमान माल किती, हे छपाई ठरवते

समजा, कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा एक छोटा कारखाना आहे. पुण्यातल्या दहा-बारा दुकानांच्या साखळीकडून मेल येते: ‘तुमचा मसाला आमच्या नावाने विकायचा विचार आहे. २०० ग्रॅमची पाकिटं, सुरुवातीला २,०००. किमान ऑर्डर किती, पॅकिंग कसं आणि दिवाळीपर्यंत माल मिळेल का?’

२,००० पाकिटं म्हणजे ४०० किलो मसाला. तेवढा कुटणं अवघड नाही, म्हणून मालक लगेच ‘हो’ कळवून मोकळा होतो. गाडी अडते ती पाकिटापाशी.

मसाल्याचं छापील पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि रंग नीट जुळेपर्यंत बरंच लॅमिनेट वाया जातं. त्यामुळे छपाईवाला थोडा माल छापत नाही. त्याची किमान मागणी ३०० किलो लॅमिनेटची आहे असं धरू. २०० ग्रॅमच्या पाऊचला साधारण ७ ग्रॅम लॅमिनेट लागतं. वाया जाणारा भाग सोडला तरी ४० हजार पाऊच होतात. ते भरायला ८ टन मसाला हवा, म्हणजे मागणीच्या वीसपट. उद्या गोडा मसालाही हवा म्हणाले, तर त्याचा हिशेब पुन्हा वेगळा.

म्हणून उत्तरात एक आकडा देण्याऐवजी दोन पर्याय द्यावेत. पहिला, कोऱ्या पाऊचवर छापील लेबल. लेबलं हजार-दोन हजारही छापून मिळतात. दर पाकिटामागे खर्च जास्त येतो, पण सिलिंडर लागत नाहीत. हा मसाला तेलकट असतो, त्यामुळे कागदी लेबलावर डाग पडतात. प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्यावं. दुसरा पर्याय पूर्ण छापील पाऊचचा, खप कळल्यानंतरचा. पत्रात ते असं लिहिता येईल:

‘पहिली ऑर्डर २,००० पाकिटांची, लेबल लावलेल्या पाऊचमध्ये देऊ. छापील पाऊच हवे असल्यास एका प्रकारचे किमान ४०,००० छापावे लागतील. मसाला मात्र महिन्याला ४०० किलोपासून भरून देऊ. सिलिंडरचा खर्च एकदाच, आपल्याकडे.’

शेवटच्या दोन वाक्यांमुळे छपाईची किमान संख्या आणि मसाल्याची किमान संख्या वेगळ्या राहतात. पाऊच एकदम छापायचे, मसाला ताजा भरायचा.

आता दिवाळीचा प्रश्न. आर्टवर्क म्हणजे नुसतं चित्र नव्हे. पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, शिवाय पोषणमूल्यांचा तक्ता द्यावा लागतो. दुकानदाराने ‘थोडं कमी तिखट करा’ म्हटलं की मिरचीचं प्रमाण बदलतं, तक्ताही बदलू शकतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल नव्याने घ्यावा लागतो. म्हणून आधी नमुन्याला लेखी मंजुरी घ्यावी आणि मगच डिझाइन सुरू करावं. दुकानदाराकडून लोगो, बारकोड क्रमांक, पत्ता, ग्राहक तक्रारींसाठी संपर्क आणि त्याचा एफएसएसएआय परवाना क्रमांक मागून घ्यावा. पाकिटावर त्याच्या क्रमांकाबरोबर बनवणाऱ्याचाही क्रमांक लागतो.

छापील पाऊचचं वेळापत्रक साधारण असं मांडता येईल: नमुना मंजुरी आणि पोषण अहवालाला तीन आठवडे, पाऊचच्या मापाची आखणी, डिझाइन आणि दोन वेळा दुरुस्तीला दोन आठवडे, सिलिंडर, छपाई, लॅमिनेशन आणि पाऊच बनवायला चार आठवडे, भरणं आणि पोहोचवण्याला एक. एकूण दहा. लेबलच्या वाटेने सिलिंडर-छपाईचे चार आठवडे एक-दीड आठवड्यावर येतात. पत्रात तारीख देण्याऐवजी ‘सगळी माहिती आणि सही केलेलं प्रूफ मिळाल्यापासून’ असे दिवस मोजावेत. नाहीतर त्यांच्या ऑफिसात पंधरा दिवस पडून राहिलेलं प्रूफ आपला उशीर ठरतं.

प्रूफवर दोन जागा बारकाईने पाहाव्यात. मसाल्याचं पाकीट लाल म्हणून डिझायनर कधी कधी बारकोडच्या रेघाही लाल करतो. काउंटरवरचे बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात. त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते आणि कोड वाचला जात नाही. रेघा काळ्या आणि मागची जागा पांढरी ठेवावी. दुसरी जागा बॅच, तारीख आणि किमतीची. हे भरताना छापलं जातं, म्हणून तिथे फिकट, कोरा चौकोन सोडावा. किंमत आधीच पाऊचवर छापली आणि मिरचीचे भाव चढले, तर उरलेले हजारो पाऊच अडचणीचे होतात.

पत्राचं शेवटचं कलम उरलेल्या पाऊचचं असावं. त्यावर दुसऱ्याचं नाव असल्याने ते आणखी कुणाला विकता येत नाहीत. ‘वर्षभरात न वापरलेले पाऊच आपण मूळ खर्चाने उचलाल’ हे वाक्य दुकानदाराला मान्य नसेल, तर छापील पाऊचची वेळ अजून आलेली नाही, लेबलवरच थांबावं.