ऑपरेशनआधी खोलीचा हिशेब

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरचं माणूस हॉस्पिटलच्या हेल्पडेस्कवर बहुधा आधी विचारतं, "भेटायची वेळ काय?" पण खिशाला सगळ्यात जास्त झळ लावणारा प्रश्न दुसराच असतो: कोणत्या वर्गाची खोली घ्यायची?

समजा, आईची विमा पॉलिसी पाच लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. मुलाने आठ हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजार त्याने भरायचे, एवढंच नसतं. खोलीचा वर्ग वाढला की बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचे दरही वाढतात. म्हणून पॉलिसीत तशी अट असेल, तर कंपनी तो खर्चही पाचास आठ या प्रमाणातच देते. हा खर्च १,२०,००० झाला, तर ७५,००० मिळतात आणि ४५,००० घरून जातात. औषधं, तपासण्या आणि बसवलेला कृत्रिम सांधा यांना ही कपात लागू होत नाही. त्यामुळे हेल्पडेस्कवर खोलीनिहाय अंदाजपत्रक लेखी मागावं आणि ते पॉलिसीशी ताडून पाहावं.

कॅशलेससाठी विमा डेस्क एक फॉर्म देतो. त्यातला एक भाग घरच्यांनी भरायचा, दुसरा डॉक्टरांनी. सोबत पॉलिसी किंवा हेल्थ कार्ड, आधार, पॅन, डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि जुने रिपोर्ट लागतात. गाडं पुष्कळदा नावावर अडतं: आधारवर सासरचं आडनाव, पॉलिसीत माहेरचं. ठरवून करायच्या ऑपरेशनला दोन-तीन दिवस आधी कागद दिले, तर अशी तफावत निस्तरायला वेळ मिळतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. पण कागद अपुरे असले की शंका निघतात आणि काम लांबतं.

विमा नसेल, तर हे हॉस्पिटल आणि हे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे विचारावं. तिथले आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र पाहून नोंदणी करतात. योजनेची मंजुरी मात्र ऑपरेशनच्या आधी हवी.

दाखल होण्याच्या काही दिवस आधीच आणखी काही गोष्टी पक्क्या कराव्यात: भूलतज्ज्ञांची तपासणी झाली का, उपाशी कधीपासून राहायचं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती कधी थांबवायची. ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

आता भेटीच्या वेळा. प्रत्येक हॉस्पिटलच्या वेगळ्या असतात. वॉर्डात सहसा संध्याकाळी ठरावीक तास, तर आयसीयूत एकावेळी एकच नातेवाईक, तोही थोड्या मिनिटांसाठी. रात्री सोबत राहणाऱ्याचा पास वेगळा असतो. तो एकाच्याच नावावर मिळतो की पाळी बदलताना दुसऱ्याला देता येतो, हे विचारून ठेवलं की भाऊ-बहिणींना रात्री आधीच वाटून घेता येतात.