कानावर पडलेला शब्द आणि बरोबर उत्तर : एचएसकेच्या श्रवण विभागाचा सराव

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेत, म्हणजे ‘हान-यू श्वेइ-फिंग खाओ-श्र’मध्ये, चौथ्या पातळीवर श्रवण विभागाचे स्वरूप एकदम बदलते. सहा पातळ्यांच्या रचनेत पहिल्या तीन पातळ्यांना ध्वनिफीत दोनदा ऐकवतात. चौथ्या पातळीपासून ती एकदाच वाजते. सुमारे अर्ध्या तासात ४५ प्रश्न सोडवायचे असतात. पहिले १० प्रश्न चूक की बरोबर या स्वरूपाचे असतात, पुढचे १५ दोन वाक्यांच्या संवादांवर असतात, आणि उरलेले २० थोडे लांब संवाद व छोटे उतारे यांवर असतात. ३०० पैकी १०० गुण या विभागाला आहेत आणि उत्तीर्ण होण्यासाठी एकूण १८० लागतात.

या पातळीवरच्या विद्यार्थ्याला उतारा छापून वाचायला दिला तर तो बहुधा समजतो, पण तोच उतारा ऐकताना उत्तर चुकते. अशा चुका तपासल्या तर बऱ्याचशा तीन जागी सापडतात : आकडे, नकार, आणि मोह पाडणारे चुकीचे पर्याय. या तिन्हींचा सराव वेगवेगळा करावा लागतो, कारण तिन्ही ठिकाणी चूक होण्याचे कारण वेगळे असते. (पुढे चिनी शब्द उच्चाराच्या जवळ जाईल अशा देवनागरीत दिले आहेत. सुरांचे चढउतार मात्र त्यात दाखवता येत नाहीत.)

आकड्यांची पहिली अडचण ध्वनीची आहे. चार म्हणजे ‘स’ आणि दहा म्हणजे ‘श्र’. त्यामुळे चौदा होतात ‘श्र-स’ आणि चाळीस होतात ‘स-श्र’. चारचा सूर वरून खाली पडतो आणि दहाचा खालून वर चढतो. ऐकताना जिभेच्या जागेइतकाच हा सूर उपयोगी पडतो. सहा (ल्यौ) आणि नऊ (च्यौ), तसेच एक (यी) आणि सात (छी) या जोड्याही घाईत एकमेकींत मिसळतात. म्हणूनच दूरध्वनी किंवा खोलीचा क्रमांक सांगताना चिनी लोक एकाला ‘यी’ न म्हणता ‘याओ’ म्हणतात. ज्याला हे ठाऊक नसते तो ‘याओ’ ऐकून क्षणभर अडखळतो आणि पुढचे दोन आकडे निसटतात.

दुसरी अडचण खास मराठी कानाची आहे. मराठीत पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतात आणि मग चाळीस. चिनीत आधी चाळीस आणि मग पाच. ऐकलेला आकडा मनात मराठीत करून मग कागदावर उतरवणाऱ्याकडून ४५ चे ५४ सहज होतात. यावर उपाय एकच. ऐकल्याबरोबर थेट अंक लिहायचे, मधे मराठी शब्द येऊ द्यायचा नाही. त्यासाठी दहा मिनिटांचे आकड्यांचे श्रुतलेखन पुरते, पण ते सुटे आकडे घेऊन करू नये. आकडा वाक्यातच ऐकला पाहिजे, कारण परीक्षेत तो किंमत, तारीख, वेळ किंवा अंतर बनूनच येतो.

मोठ्या संख्यांमध्ये चिनी मोजणी ‘वान’ म्हणजे दहा हजारांवर उभी आहे. लाख-कोटींची सवय असणाऱ्याने काही ठरावीक टप्पे पाठ करून टाकावेत : दहा वान म्हणजे एक लाख, शंभर वान म्हणजे दहा लाख, हजार वान म्हणजे एक कोटी. बोलण्यात संख्येचे शेवटचे एककही गाळतात. ‘सान वान वू’ म्हणजे तीस हजार पाच नव्हे, पस्तीस हजार. ‘यी-पाय-वू’ म्हणजे दीडशे. एकशे पाच म्हणायचे असेल तर मधे शून्याचा ‘लिंग’ येतो : ‘यी-पाय-लिंग-वू’. पर्यायांमध्ये १०५ आणि १५० शेजारी शेजारी छापलेले दिसले, तर प्रश्न नेमका याच ‘लिंग’साठी काढलेला आहे असे धरून कान लावावा.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येते. ‘छा वू फन पा त्येन’ म्हणजे आठाला पाच कमी, ७ वाजून ५५ मिनिटे. दोन्ही भाषा वेळ एकाच पद्धतीने सांगतात. तरीही ‘पा’ हा ओळखीचा आठ ऐकून पर्यायातल्या ८ वर खूण करणारे पुष्कळ असतात. अर्ध्यासाठीचा ‘पान’ कुठे येतो हेही पाहावे. ‘पान क श्याओ-श्र’ हा अर्धा तास आणि ‘यी क पान श्याओ-श्र’ हा दीड तास. दुकानातल्या संवादात ‘ता पा चऽ’ आले, तर ती ८० टक्के सूट नसते. किंमतीचे दहा भाग करून आठ द्यायचे असतात, म्हणजे सूट २० टक्क्यांची. २०० युआनचा शर्ट १६० ला पडतो. ४० हा आकडा पर्यायात ठेवला जातो तो हा हिशेब उलटा करणाऱ्यासाठीच.

नकाराचे प्रकरण अधिक खोल आहे. मराठीत ‘नाही’ बहुधा वाक्याच्या शेवटी ठसठशीत येते. चिनीत ‘पू’ किंवा ‘मेइ’ क्रियापदाच्या आधी येतो, आणि काही रचनांत तो इतका हलका होतो की ऐकूच येत नाही. ‘थिंग-त-तुंग’ म्हणजे ऐकून समजते, ‘थिंग-पु-तुंग’ म्हणजे ऐकून समजत नाही. साऱ्या अर्थाचा फरक मधल्या एका निःसूर अक्षरात आहे. असे होकार-नकाराचे जोड ध्वनिफितीतून वेचून मिसळावेत आणि ऐकताना फक्त अधिक किंवा उणे अशी खूण करत जावे. या टप्प्यावर भाषांतर करायचे नाही. कानाला ते एक अक्षर पकडायला शिकवायचे, एवढाच हेतू ठेवावा.

याच्या उलट, नकार स्पष्ट ऐकू येतो पण अर्थ नकाराचा नसतो, अशी वाक्येही आहेत. चौथ्या पातळीवर जास्त दगा देतात ती हीच. ‘पू-त-पू’ म्हणजे करण्यावाचून गत्यंतर नाही, अर्थात काम करावेच लागले. ‘मेइ श्यांग-ताओ’ने सुरू होणाऱ्या वाक्यात जे ‘वाटले नव्हते’ ते प्रत्यक्षात घडलेले असते. ‘पु श्र … मा’ या चौकटीत बोलणारा ‘मी तुला सांगितले नव्हते का?’ असे विचारतो, तेव्हा त्याने सांगितलेले असते. ‘पु-युंग’ म्हणजे गरज नाही आणि ‘प्ये’ म्हणजे करू नकोस. दोन्ही नकारार्थीच आहेत, पण एकात मोकळीक आहे आणि दुसऱ्यात मनाई. तुलनेतला ‘मेइ-यौ’ही घसरवतो. ‘आज मेइ-यौ काल थंड’ अशा क्रमाच्या वाक्याचा अर्थ आज कालइतकी थंडी नाही असा होतो. ‘आज’ आणि ‘थंड’ हे दोनच शब्द पकडले तर उत्तर नेमके उलटे जाते.

या वाक्यांसाठी शब्दार्थ पाठ करण्यापेक्षा वेगळा सराव उपयोगी पडतो. प्रत्येक वाक्य ऐकून झाले की चारपैकी एक शेरा लिहायचा : झाले, झाले नाही, करायलाच हवे, गरज नाही. सुरुवातीला फीत थांबवून लिहावे. आठवडाभराने न थांबवता लिहून पाहावे. शेरा लिहायला वेळ लागतो ती रचना अजून अंगवळणी पडलेली नाही.

तिसरी जागा पर्यायांची. संवादाच्या प्रश्नात चार पर्याय छापलेले असतात, पण प्रश्न छापलेला नसतो. तो संवाद संपल्यावर ऐकवतात. म्हणून संवाद चालू असताना कोणती गोष्ट लक्षात ठेवायची, हे पर्यायांवरूनच ताडावे लागते. चुकीचे पर्याय बहुतेक वेळा संवादातूनच उचललेले असतात. कधी तो आधीचा, नंतर बदललेला बेत असतो. कधी ते दुसऱ्याच माणसाचे म्हणणे असते, आणि कधी कुणी नाकारलेली सूचना. बरोबर पर्याय मात्र पुष्कळदा संवादात न आलेल्या शब्दांत मांडलेला असतो.

सरावासाठी तयार केलेला एक संवाद पाहू. पर्याय आहेत ९, ९.३०, १० आणि १०.३० वाजता. बाई विचारते, ‘बैठक नऊला सुरू होणार नव्हती का? तुम्ही अजून निघाला कसे नाही?’ पुरुष म्हणतो, ‘आधी नऊलाच होती, पण व्यवस्थापकांच्या विमानाला उशीर झाला, म्हणून साडेदहाची केली.’ बाई म्हणते, ‘मग आता घाई करायची गरज नाही, नाश्ता करूनच निघा.’ पुरुष म्हणतो, ‘नाही जमणार. मला अर्धा तास आधी पोहोचून कागदपत्रे तयार ठेवायची आहेत.’ मग प्रश्न येतो : पुरुषाने उशिरात उशिरा किती वाजता पोहोचायला हवे?

संवादात ‘दहा वाजता’ असे कुणीच म्हणत नाही, आणि उत्तर तेच आहे. ९ हा रद्द झालेला बेत. त्याच्याआधी ‘पन-लाय’ (मुळात) हा शब्द येतो, आणि तो ऐकला की पुढे बदल येणार असे समजावे. १०.३० ही बैठकीची वेळ, पोहोचायची नव्हे. ९.३० हा पर्याय, साडेदहा नीट न पकडता ‘नऊ’ आणि ‘अर्धा’ एवढेच ऐकून बेरीज करणाऱ्यासाठी आहे. बाईच्या पहिल्या वाक्यात ‘पु श्र … मा’ आहे. तो खरा नकार मानला तर सुरुवातीलाच गोंधळ होतो. तिची सूचना शेवटच्या वाक्यात फेटाळली गेली आहे, आणि तीही काही सेकंदांत, फीत परत न ऐकवता.

प्रश्न चुकल्यावर नुसते बरोबर उत्तर पाहून पुढे जाण्यात फारसा फायदा नाही. पर्याय झाकून तोच संवाद पुन्हा ऐकावा आणि ऐकू आला तसा लिहून काढावा. आकडाच चुकीचा लिहिला गेला तर अडचण ध्वनीची आहे. सगळे बरोबर लिहिले पण कोण काय म्हणाले हे उलटले, तर नकाराची किंवा रचनेची आहे. लिहिलेले बरोबर आणि समजलेही बरोबर, तरी उत्तर चुकले, तर कानावर पडलेल्या शब्दाने पर्याय निवडून घेतला. या तिसऱ्या प्रकारासाठी प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो का चुकीचा आहे ते चार शब्दांत लिहावे : बदललेला बेत, दुसऱ्याचे म्हणणे, नाकारलेले, सांगितलेच नाही. वीस-तीस संवाद असे तपासले की स्वतःची नेहमीची चूक कोणती ते वहीतच दिसते.

‘संवादात ऐकू आलेला शब्द म्हणजे चुकीचे उत्तर’ असा उलटा नियम करून बसणे मात्र धोक्याचे आहे. किंमत किंवा ठिकाण विचारणाऱ्या साध्या प्रश्नांत ऐकलेलाच शब्द उत्तर असतो. या सरावाला शब्दसंग्रहाची मर्यादाही आहे. चौथ्या पातळीची यादी १२०० शब्दांची आहे. लिहून काढलेल्या संवादात ठिकठिकाणी जागा कोऱ्या राहत असतील, तर आधी शब्द वाढवावेत आणि आकडे-नकारांचा सराव सोबत थोडा ठेवावा. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र पूर्ण ४५ प्रश्नांची फीत एकदाही न थांबवता ऐकावी. निसटलेला प्रश्न खूण करून तिथेच सोडायचा आणि लगेच पुढच्या चार पर्यायांवर नजर टाकायची. ही सवय फीत थांबवून केलेल्या सरावात लागत नाही, आणि ती नसली की एक चुकलेला प्रश्न पुढचे दोन सोबत घेऊन जातो.