नमुना किती मोठा हवा?

मुलुंडच्या एखाद्या कॉलेजात ४,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या किती जणांना लोकलने यायला तासाहून जास्त वेळ लागतो हे शोधायचे आहे, असे समजू. प्रश्न कसे लिहायचे ते गेल्या भागात पाहिले. आता विचारायचे किती जणांना? प्रकल्पांत बहुधा 'दहा टक्के' हे उत्तर ठरलेले असते, आणि ते चूक आहे. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून १०० नावे काढली तर ४६ जण 'हो' म्हणतील, दुसऱ्यांदा काढली तर ५३. कोणी खोटे बोललेले नाही, मोजणीही चुकलेली नाही. वेगळी माणसे हाती लागली, एवढेच. ही नमुना-त्रुटी. ती नमुन्यातल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून त्रुटी निम्मी करायला चौपट माणसे लागतात: १०० जणांना सुमारे १० टक्के, ४०० जणांना ५ टक्के. अशा चिठ्ठ्या पुन्हापुन्हा काढल्या तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा आकडा या मर्यादेत सापडतो.

म्हणून आधी त्रुटीची मर्यादा ठरवावी. ती ५ टक्के हवी असेल आणि उत्तराचा काहीच अंदाज नसेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८५ जण लागतात. एकूण विद्यार्थी ४,००० असल्याने दुरुस्तीनंतर ३५१ पुरतात; ४०,००० असते तरी ३८१च लागले असते. याउलट दहा टक्क्यांच्या नियमाने ४०० जणांच्या छोट्या कॉलेजात ४० जण विचारले जातील आणि त्रुटी १५ टक्क्यांच्या आसपास जाईल.

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाला २०१९-२१ मध्ये ६ लाख ३६ हजारांवर कुटुंबे कशाला लागली, असे कोणी विचारेल. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या पाहणीला ७०७ जिल्ह्यांचे वेगवेगळे आकडे द्यायचे होते; जिल्ह्यामागे सरासरी ९०० कुटुंबेच येतात. आपल्या ३५१ मध्ये मुले-मुली निम्म्या निम्म्या धरल्या, तर प्रत्येक गटाची त्रुटी ७ टक्क्यांवर जाते. दोघांत ४ टक्क्यांचा फरक दिसला म्हणून त्यावर निष्कर्ष उभारता येत नाही. तुलना करायचीच असेल, तर प्रत्येक गटाचा नमुना स्वतंत्र मोजावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फॉर्म टाकला, ६०० उत्तरे आली. मग चिंता कसली? चिंता अशी, की हे सगळे गणित चिठ्ठीने निवडलेल्यांसाठी आहे. प्रवासाने कंटाळलेलेच फॉर्म भरत असतील, तर ६०० काय नि २,००० काय, आकडा एकाच बाजूला झुकलेला राहील आणि मर्यादा मात्र फसवी बारीक दिसेल. अमेरिकेत १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाला २० लाखांहून जास्त उत्तरे येऊनही निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. तेव्हा निवडलेल्या ३५१ पैकी किती जणांनी उत्तर दिले, हा आकडा अहवालात त्रुटीशेजारीच छापावा, आणि न दिलेल्यांकडे दोनदा-तीनदा जावे; त्यांच्या जागी सहज सापडलेला मित्र घेऊ नये.