टांगलेल्या ठोकळ्याचं वजन आणि दोरीतला ताण

अकरावीच्या मुलामुलींच्या ग्रुपवर हमखास येणारा एक फोटो असतो. पुस्तकाचं पान थोडं तिरकं, एका कोपऱ्यावर बोटाची सावली आणि मधोमध आकृती. टेबलावर ३ किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेला बसवलेल्या कप्पीवरून खाली उतरते आणि तिच्या टोकाला २ किलोचा ठोकळा लोंबतो. ठोकळे सोडून दिले, तर त्यांचं त्वरण किती आणि दोरीतला ताण किती, एवढाच प्रश्न. आकृतीच्या बाजूला बहुतेक वेळा कुणीतरी पेन्सिलीने उत्तरही लिहून ठेवलेलं असतं: T = 20. खालच्या ठोकळ्याचं वजन २० न्यूटन, दोरी तेवढं पेलते, म्हणून ताण २० न्यूटन. हे उत्तर चूक आहे. का चूक आहे ते नीट कळलं, तर कप्पीची बहुतेक गणितं आपली आपण सुटू लागतात.

फोटो पाहताना आधी आकृतीच्या वरच्या ओळी वाचायला हव्यात. फोटो काढणारा आकृतीवर नेम धरतो आणि नेमक्या त्याच ओळी कापल्या जातात. ‘गुळगुळीत टेबल’ असं लिहिलं असेल, तर घर्षण धरायचं नाही. ‘हलकी दोरी’ आणि ‘हलकी, घर्षणरहित कप्पी’ असेल, तर दोरीच्या दोन्ही टोकांना ताण सारखाच असतो. कप्पीला स्वतःचं वस्तुमान असतं, तर तिला फिरवायलाही बल खर्ची पडलं असतं आणि दोन्ही बाजूंचे ताण वेगळे निघाले असते. ‘न ताणली जाणारी दोरी’ म्हणजे एक ठोकळा जितका सरकेल तितकाच दुसरा खाली जाईल, म्हणून दोघांचं त्वरण एकच. यांपैकी काहीच आकृतीत दिसत नाही. फोटोत ओळ कापली गेली असेल, तर ती मागवून घ्यावी. अंदाजाने गणित सुरू करू नये.

आता कागदावर फ्री बॉडी डायग्राम काढायचा. एक ठोकळा उचलून कोऱ्या जागेत एकटा ठेवायचा, टेबल, कप्पी, दुसरा ठोकळा सगळं बाजूला सारायचं आणि या ठोकळ्याला कोण कोण ओढतंय किंवा ढकलतंय तेवढेच बाण काढायचे. टेबलावरच्या ठोकळ्याला पृथ्वी खाली ओढते ३० न्यूटनने (गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरलं आहे). टेबल त्याला वर ढकलतं, तेही ३० न्यूटनने, कारण ठोकळा वरखाली हलत नाही. आणि दोरी त्याला कप्पीकडे ओढते, T एवढ्या बलाने. झाले तीन बाण. लोंबणाऱ्या ठोकळ्याला दोनच बाण: पृथ्वीचा खाली २० न्यूटनचा आणि दोरीचा वर T चा.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे टेबलावरच्या ठोकळ्याला २० न्यूटनचा बाण कप्पीच्या दिशेने काढणं. तो २० न्यूटन खालच्या ठोकळ्यावर लागतो. वरच्या ठोकळ्याला खालचा ठोकळा शिवतही नाही, त्याला शिवते ती फक्त दोरी. दुसरी चूक म्हणजे ma नावाचा आणखी एक बाण काढणं. ma हे कुणी लावलेलं बल नाही, सगळ्या बाणांची बेरीज केल्यावर जे उरतं त्याची ती किंमत आहे. प्रत्येक बाणाशी ‘हे बल कोण लावतंय?’ असं विचारावं. उत्तरात वस्तूचं नाव येत नसेल, तर तो बाण खोडावा.

बाण बरोबर पडले की न्यूटनचा दुसरा नियम प्रत्येक ठोकळ्याला वेगवेगळा लावायचा. ठोकळा जिकडे जाणार ती दिशा धन. वरच्या ठोकळ्यासाठी:

T = 3a

खालच्या ठोकळ्यासाठी:

20 − T = 2a

दोन समीकरणं, दोन अज्ञातं. बेरीज केली की T निघून जातो आणि 20 = 5a उरतं. त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. ते पहिल्या समीकरणात घातलं की ताण १२ न्यूटन.

आता पेन्सिलीतल्या उत्तराकडे वळू. ताण खरंच २० न्यूटन असता, तर खालच्या ठोकळ्यावर खाली २० आणि वर २०, म्हणजे निव्वळ बल शून्य. सोडून दिलेला ठोकळा मग होता तिथेच लोंबत राहिला असता. पण त्याच वेळी वरच्या ठोकळ्याला २० न्यूटनची ओढ, म्हणजे साडेसहाहून जास्त त्वरण मिळालं असतं. एक स्थिर आणि दुसरा धावतोय, तेही न ताणल्या जाणाऱ्या एकाच दोरीला बांधलेले. असं होऊ शकत नाही. खालचा ठोकळा वेग घेत खाली जातो, याचाच अर्थ दोरी त्याच्या वजनापेक्षा कमी बलाने त्याला वर ओढते. टेबलावरचा ठोकळा ३ किलोऐवजी १९८ किलोचा असता, तर त्वरण ०.१ आणि ताण १९.८ न्यूटन झाला असता. वरचा ठोकळा जितका जड, तितका ताण २० च्या जवळ सरकतो, पण ठोकळे वेग घेत असताना २० ला पोचत नाही.

पुस्तकात ‘गुळगुळीत’च्या जागी ‘घर्षण गुणांक ०.२’ असेल, तर वरच्या ठोकळ्याच्या आकृतीत एक बाण वाढतो. टेबल त्याला मागे धरतं, ०.२ गुणिले ३०, म्हणजे ६ न्यूटनने. खालच्या ठोकळ्याची आकृती जशीच्या तशी राहते. समीकरणं अशी:

T − 6 = 3a
20 − T = 2a

बेरीज केली की 14 = 5a, म्हणजे त्वरण २.८ आणि ताण १४.४ न्यूटन. घर्षणाने त्वरण घटलं आणि ताण वाढला. पडताळा खालच्या ठोकळ्यावर घ्यावा, कारण ताण काढताना आपण वरचं समीकरण वापरलं: 20 − 14.4 = 5.6 आणि 2 × 2.8 हेही ५.६.

घर्षण गुणांक ०.७ असेल तर मात्र जपून. त्याच साच्यात घर्षण २१ न्यूटन घातलं की त्वरण उणे ०.२ येतं, म्हणजे खालचा ठोकळा आपोआप वर चढतोय! बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते, ठोकळे हलतात हे गृहीतच चुकलेलं असतं. टेबल जास्तीत जास्त २१ न्यूटनपर्यंत धरून ठेवू शकतं आणि खालची ओढ २० चीच आहे, तेव्हा ठोकळे जागचे हलत नाहीत. घर्षण तेव्हा लागेल तेवढंच, २० न्यूटन असतं, २१ नाही. आणि दोरीतला ताण? तोही २० न्यूटन. पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर फक्त या स्थितीत बरोबर ठरतं, जेव्हा काहीच हलत नाही. म्हणून घर्षणाच्या गणितात समीकरणं मांडण्याआधी एक तुलना करून घ्यावी: खालच्या ठोकळ्याचं वजन जास्त, की टेबलाचं जास्तीत जास्त घर्षण जास्त. वजन जास्त असेल तरच ठोकळे हलतील आणि ताण वजनापेक्षा कमी निघेल.