मापं न हरवणारं चित्र

समजा, ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोली १:५० प्रमाणात काढायची आहे. पर्स्पेक्टिव्हमध्ये दूरची भिंत लहान दिसते, समांतर कडा लांबवर एका बिंदूत मिळतात. खोलीत उभं राहिल्यासारखं वाटतं. पण त्यावर पट्टी ठेवून माप घेता येत नाही.

आयसोमेट्रिकमध्ये समांतर रेषा समांतरच राहतात. लांबी-रुंदीच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांनी चढतात, उंची सरळ उभी. तिन्ही दिशांना एकच माप: ८, ६ आणि उंचीचे ६ सेंटिमीटर. केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत यंत्रं समजावण्यासाठी मांडली. सुट्या भागांच्या जोडणीला ती आजही उत्तम. मात्र काटकोन इथे १२० किंवा ६० अंशांचा होतो, गोल टेबल लंबगोल दिसतं. तिरक्या रेषा मोजल्या तर माप हमखास चुकतं.

वास्तुविशारद ज्याला सहसा ॲक्सोनोमेट्रिक म्हणतात, त्यात प्लॅन जसाच्या तसा ४५ अंशांत फिरवून भिंती वर ओढतात. काटकोन काटकोनच, गोल गोलच राहतो. भिंती मात्र जरा जास्तच उंच भासतात, म्हणून काहीजण उंची पाऊणपट घेतात. घरातल्या खोल्यांची रचना दाखवायला मी हेच निवडेन. खिडकीतून अंगण कसं दिसेल, हे विचारणाऱ्या घरमालकाला मात्र पर्स्पेक्टिव्हच हवं.