नैतिक संत: नेमका वाद काय?

कल्पना: जिची प्रत्येक कृती शक्य तितकी चांगली असते, ती व्यक्ती. अमेरिकी तत्त्वज्ञ सुझन वुल्फ यांचा या विषयावरचा निबंध १९८२चा.

प्रकार दोन: प्रेमळ संताला इतरांच्या सुखातच सुख मिळते. कर्तव्यनिष्ठ संत स्वतःचे सुख बाजूला ठेवतो.

वुल्फ यांचा आक्षेप: सगळा वेळ परोपकारात गेला, तर वाचन, संगीत, खेळ यांना जागा उरत नाही. असे आयुष्य हवेसे वाटत नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचे उत्तर (१९८४): प्रत्यक्षातले संत नीरस नसतात.

जवळचे उदाहरण: कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९). त्यांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९१९ची. संस्थेच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्याग एकट्या भाऊरावांचा नव्हता.