रातकिड्याची उडी

पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या ओहोळांकाठी रात्रभर रातकिड्यांची किरकिर चालते. रातकिडा हा जमिनीवरचा जीव. तरीही दक्षिण फ्रान्समध्ये एका पोहण्याच्या तलावाकाठी रातकिडे आपण होऊन पाण्यात उड्या घेताना शास्त्रज्ञांनी पाहिले. वर्गात आम्ही हे सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, त्याला भूत लागलं होतं का?" उत्तर असे की, भूत नव्हते, पण त्याच्या आत दुसरा जीव होता.

तो जीव म्हणजे केसकृमी. केसासारखा बारीक, पण लांबीने रातकिड्याच्या कित्येक पट. त्याची अंडी पाण्यात उबतात. पिल्ले पाण्यातील किड्यांच्या अळ्यांत शिरून सुप्त राहतात. त्या अळ्यांना पंख फुटतात, ते किडे जमिनीवर येऊन मरतात आणि रातकिडा त्यांना खातो. त्याच्या शरीरात केसकृमी कातडीवाटे अन्न शोषून वाढतो आणि शेवटी पोटाची पोकळी भरून टाकतो. आता अडचण अशी की, वाढ जमिनीवर झाली, मीलन मात्र पाण्यातच व्हायचे. यजमान कोरड्या जागी मेला, तर कृमीचा वंश तेथेच संपला.

यजमान पाण्यात कसा जातो, हे फ्रान्समध्ये फ्रेडरिक तोमा व सहकाऱ्यांनी 2002 साली तपासले. बाधित रातकिडा दुरून पाण्याचा माग काढत येतो, असे दिसले नाही. तो आधी सैरावैरा भटकतो. भटकताना पाण्याशी पोहोचला की मात्र निरोगी किड्यासारखा मागे न फिरता आत उडी घेतो. त्याच गटाला 2005 साली बाधित किड्यांच्या मेंदूतील प्रथिनांत बदल आढळले. कृमीची काही प्रथिने तर कीटकांच्या स्वतःच्या प्रथिनांशी मिळतीजुळती होती. पाण्यात पडताच कृमी बाहेर पडतो. रातकिडा बुडाला नाही, माशाच्या तोंडी गेला नाही, तर त्यानंतर जगूही शकतो.

येथे विद्यार्थी एक चूक करतात. ते म्हणतात, "कृमीने डाव रचला." कृमीला ना योजना, ना हेतू. पूर्वी ज्या कृमींच्या स्रावामुळे यजमान थोडा अधिक भटकला, त्यांपैकी थोडे अधिक पाण्यात पोहोचले आणि त्यांचीच संतती उरली. बाकीचे यजमानाबरोबर सुकून गेले. पिढ्यान्‌पिढ्या ही चाळणी चालली आणि आज जे दिसते ते कारस्थानासारखे भासते. एका जीवाच्या जनुकांचा परिणाम दुसऱ्याच्या वागण्यात उमटू शकतो, हा विचार रिचर्ड डॉकिन्स यांनी 1982 साली ग्रंथरूपाने मांडला.

म्हणून साचलेल्या पाण्यात केसासारखा वळवळणारा, गाठी मारणारा किडा दिसला, तर मुलांनी भिऊ नये. तो माणसाच्या शरीरात वाढणारा जंत नव्हे. त्याच्या मागे एका रातकिड्याची उडी असू शकते. आणि त्या उडीला कारण आहे, करणी नाही.